दुपारचा मुक्काम आधी, रात्रीचा नंतर : थरच्या वाळवंटातील एका पायी सहलीचे नियोजन

मार्चच्या अखेरच्या आठवड्यात पुण्याहून आठ जणांचा एक गट जैसलमेर जिल्ह्यातील खुरी गावाजवळच्या धोऱ्यांमध्ये पायी फिरायला जाणार होता, आणि त्याच्या नियोजनाची जबाबदारी माझ्याकडे होती. धोरा म्हणजे तिकडच्या बोलीत वाळूची टेकडी. खुरीहून निघायचे, पश्चिमेकडच्या धोऱ्यांतून वळसा घ्यायचा आणि तीन रात्री उघड्यावर काढून चौथ्या दिवशी सकाळी गावात परतायचे, असा बेत होता. सोबत दोन स्थानिक उंटवाले आणि सामानासाठी एक उंटगाडा होता. एकूण चाल सुमारे पस्तीस किलोमीटर होती. सह्याद्रीत एका दिवसात वीस किलोमीटर चढ-उतार करणाऱ्या मंडळींना हा आकडा किरकोळ वाटला होता, आणि पहिला आराखडा त्याच समजुतीतून तयार झाला होता.

तो आराखडा असा होता. सकाळी उठून चहा-नाश्ता करून साडेआठला निघायचे, साडेबारापर्यंत चालायचे, तीन तास जेवण आणि विश्रांती, मग साडेतीन ते सहा पुन्हा चाल, आणि सूर्यास्त पाहायला मिळावा म्हणून रात्रीचा तळ धोऱ्याच्या माथ्यावर. पाणी माणशी दिवसाला चार लिटर. सह्याद्रीतल्या हिवाळी भटकंतीसाठी यात फारसे चुकीचे नाही. थरमध्ये मात्र यातली प्रत्येक वेळ, प्रत्येक आकडा आणि मुक्कामाची जागा बदलावी लागली. ते बदल कोणत्या कारणांनी झाले आणि प्रत्यक्षात त्यांचे काय झाले, याची ही नोंद आहे.

घड्याळ आणि सूर्य

पहिली चूक घड्याळाची होती. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे, आणि जैसलमेर जवळपास एकाहत्तर अंशावर आहे. त्यामुळे तिथला सूर्य घड्याळापेक्षा साधारण पाऊण तास मागे चालतो. मार्चच्या अखेरीस तिथे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, डोक्यावर येतो तेव्हा एक वाजायला आलेला असतो आणि मावळतो सातच्या सुमारास. म्हणजे साडेबारापर्यंत चालण्याच्या आमच्या बेतात आम्ही ऐन माथ्यावरच्या उन्हात चालत असतो. दुपारी साडेतीनला पुन्हा निघणे तर त्याहून वाईट, कारण हवा सर्वाधिक तापते ती सूर्य माथ्यावर असताना नव्हे, तर त्यानंतर दोन-तीन तासांनी. विश्रांती आटोपून आम्ही नेमक्या त्या घटकेला उन्हात पाऊल टाकणार होतो.

हवामानाच्या अंदाजात आमच्या दिवसांसाठी कमाल तापमान 38 आणि किमान 20 अंशांच्या आसपास दिले होते. हा आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर, हवा खेळती असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत, म्हणजे सावलीत असतो. उन्हात उभ्या असलेल्या माणसाला वरून ऊन आणि खालून तापलेली वाळू असा दुहेरी ताप बसतो, आणि हवा 38 अंश असताना उघड्या वाळूचा पृष्ठभाग साठीच्या घरात सहज जातो.

मर्यादा कुठे आखायची, हे शरीराच्या रचनेवरून ठरवता येते. आपल्या त्वचेचे तापमान उन्हाळ्यात पस्तीस अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून थंड असेल तोवर वारा अंगातील उष्णता काढून नेतो. हवा त्याहून गरम झाली की तोच वारा उष्णता आणून देऊ लागतो, आणि मग शरीराकडे घामाचे बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो. म्हणून आम्ही सकाळसाठी 33 अंशांची रेषा ठरवली : एका उंटवाल्याच्या काठीला सावलीत टांगलेला तापमापक 33 दाखवू लागला, किंवा साडेदहा वाजले, यातले जे आधी घडेल तेव्हा चाल बंद. संध्याकाळसाठी तीच रेषा लावली नाही, कारण सकाळचा प्रत्येक मिनिट अधिक तापणारा असतो आणि संध्याकाळचा प्रत्येक मिनिट निवणारा. साडेपाचनंतर सूर्य कलल्यावर, पारा 36 च्या खाली आल्यावरच निघायचे, असे ठरले. अंदाजात कमाल 42 किंवा किमान 28 अंशांच्या वर गेले, तर सहल रद्द. किमान तापमानाची अट अनेकांना अनावश्यक वाटली, परंतु रात्र निवली नाही तर शरीर आदल्या दिवसाचा ताण घेऊनच दुसऱ्या दिवशी उठते.

नवा दिवस असा झाला : सव्वासहाला, फटफटताच निघायचे आणि सव्वानऊपर्यंत चालायचे, दुपारभर सावलीत राहायचे, साडेपाच ते सव्वासात पुन्हा चालायचे. मऊ वाळूत पाऊल मागे सरकत राहते आणि श्रम जवळपास दुप्पट होतात, म्हणून वेग ताशी अडीच ते पावणेतीन किलोमीटरच धरला. तरीही दिवसाचे बारा किलोमीटर पूर्ण होत होते. रात्री चंद्रप्रकाशात आणखी चालावे, अशी सूचना आली होती, कारण होळीपूर्वीचे दिवस होते आणि चंद्र उशिरापर्यंत आकाशात असणार होता. ती मी मान्य केली नाही. अंधार पडल्यावर फुरसे बाहेर पडते, बोराटीचे काटे आणि उघडी बेरी, म्हणजे झिरपणाऱ्या पाण्याची उथळ, अरुंद विहीर, दिसत नाही, शिवाय सीमेलगतच्या पट्ट्यात रात्रीच्या हालचालीवर जिल्हा प्रशासन वेळोवेळी निर्बंध घालत असते. आमचा मार्ग त्या पट्ट्यात नव्हता, तरी आम्ही तो पोलीस ठाण्यात लेखी कळवला, आणि रात्री विजेऱ्या घेऊन हिंडणारी माणसे कोणाच्या नजरेस पडू नयेत, हेही पाहिले.

पाण्याचा हिशेब तासांवर

पाणी माणशी किती, असा प्रश्न विचारला की उत्तर चुकते. किती तास कोणत्या अवस्थेत, असा प्रश्न विचारावा लागतो. आमच्या हिशेबात सकाळच्या गारव्यात चालताना तासाला अर्धा लिटर, संध्याकाळी तापलेल्या हवेत चालताना सुमारे 0.7 लिटर, दुपारी सावलीत पडून राहताना 0.3 लिटर आणि रात्री 0.1 लिटर घाम व श्वासावाटे जाईल, असे धरले होते. नव्या वेळापत्रकात याची बेरीज दिवसाला सव्वासहा लिटरच्या आसपास येते. जुन्या वेळापत्रकात साडेसहा तासांची चाल भर उन्हात होती, तिथे तासाला 0.9 लिटर धरावे लागते आणि बेरीज सव्वाआठच्या आसपास जाते. अंतर तेच, माणसे तीच, तरी केवळ वेळा बदलल्याने माणशी दोन लिटर वाचतात. जुन्या आराखड्यातील चार लिटर कोणत्याही हिशेबात बसत नव्हते.

स्वयंपाक, चहा आणि हात धुणे यांसाठी माणशी दीड लिटर वाढवले. डाळीतले आणि चहातले पाणीही अखेर पोटातच जाते, परंतु ते हिशेबात वजा न करता पदरी राहू दिले. भांडी वाळूने घासायची होती. अशा रीतीने माणशी आठ लिटर, दहा माणसांचे 80 लिटर. त्याखेरीज पाणी आणणारी गाडी आली नाही, कोणी आजारी पडले, वाट चुकली, तर सगळ्यांना एक पूर्ण दिवस सावलीत न हलता काढता यावा, यासाठी माणशी पाच लिटर, म्हणजे 50 लिटर राखीव. एकूण 130, म्हणून वीस लिटरचे सात कॅन. दोन मोठ्या टाक्यांऐवजी सात कॅन घेण्याचे कारण इतकेच की एक फुटला तर सहा उरावेत. रोज संध्याकाळी खुरीहून एक पिकअप गाडी रात्रीच्या मुक्कामावर भरलेले कॅन घेऊन येणार होती.

वाटेतल्या टाक्यांवर आणि बेऱ्यांवर अवलंबून राहायचे नाही, हे आधीच ठरले होते. टांका म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे जमिनीखालचे कुंड. ढाणीवरची, म्हणजे शेतातल्या वस्तीवरची, माणसे पाहुण्याला पाणी नाकारणार नाहीत, परंतु मार्चमध्ये टाक्यात उरलेले पाणी त्यांना पुढचा पावसाळा येईपर्यंत पुरवायचे असते. दहा माणसांनी त्यावर हात मारणे योग्य नव्हते. खोल विहिरींचे पाणी त्या भागात बरेचदा खारे असते, आणि त्याने तहान भागत नाही.

प्रत्येकाच्या पाठीवर एकेक लिटरच्या तीन बाटल्या सक्तीच्या होत्या, कारण उंटगाडा कच्च्या वाटेने फेरा घेऊन येतो आणि माणसे धोऱ्यांतून जातात. दोघांत काही तास अंतर राहते. दुपारच्या थांब्यावर मी प्रत्येकाच्या बाटल्या पाहणार होतो, आणि भरलेली बाटली ही काटकसर नव्हे तर चूक मानली जाणार होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील वाळवंटात सैनिकांवर केलेल्या निरीक्षणांतून एडवर्ड अॅडॉल्फ यांनी दाखवून दिले होते की पाणी हाताशी असूनही चालणारा माणूस घामाइतके पाणी आपणहून पीत नाही. तहान मागे पडते, आणि ती तूट जेवणाच्या वेळी, सावलीत बसल्यावर भरून निघते. उलट बाजूही आहे : नुसते पाणी तासाला लिटर-सव्वा लिटरच्या वर ढोसत राहिले तर रक्तातील मीठ पातळ होते, म्हणून तीन बाटल्यांपैकी एकीत जलसंजीवनी आणि दुपारी खारी शिदोरी, असा नियम होता.

कोकणात किंवा मुंबईत वाढलेल्या माणसाला येथे एक विशेष धोका असतो. त्याचा घामाचा अंदाज भिजलेल्या सदऱ्यावरून असतो. थरच्या कोरड्या हवेत घाम येतो तसा उडून जातो, सदरा कोरडाच राहतो आणि माणूस समजतो की आपल्याला घामच येत नाही. संध्याकाळी सदऱ्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले दिसतात, तेव्हा कळते.

मुक्कामाच्या जागा

नियोजनातला सर्वांत उपयोगी बदल मला उंटवाल्यांपैकी वडीलधाऱ्याने सुचवला. मी नकाशावर रात्रीचे तळ मांडत होतो. ते म्हणाले, “साहेब, रात्री माणूस कुठेही झोपेल. दुपारी कुठे बसणार, ते आधी सांगा.” त्यानंतर आम्ही आधी दुपारच्या सावल्या शोधल्या आणि त्यांच्या मागे-पुढे, सकाळच्या चालीच्या टप्प्यात, रात्रीचे तळ बसवले. रात्रीच्या तळापासून दुपारची सावली आठ किलोमीटरच्या आत असलीच पाहिजे, आणि त्या वाटेवर निम्म्याच्या आसपास आणखी एक आसरा असला पाहिजे, अशी अट झाली.

उपग्रहाच्या छायाचित्रावर मी खेजडीची झाडे मोजून ठेवली होती. तिथेच फसगत झाली. खेजडीची पाने, म्हणजे लूंग, हा शेळ्या-उंटांचा मोलाचा चारा आहे, आणि शेतकरी हिवाळ्यात तिच्या फांद्या छाटतात. पहिल्या दुपारी आम्ही पोहोचलो तेव्हा ज्या चार खेजड्यांच्या भरवशावर थांबा ठरवला होता, त्या बोडक्या खोडांसारख्या उभ्या होत्या. सोबत ताडपत्र्या होत्या म्हणून निभावले. एकीवर एक, मध्ये वीतभर मोकळी जागा सोडून बांधल्या की वरची ताडपत्री तापते आणि खालची बरीच गार राहते. बाजू मात्र उघड्या ठेवाव्या लागतात. खरी सावली मिळते ती जाळ नावाच्या झाडाखाली. आपल्याकडे त्याला पिलू म्हणतात. ते बारमाही हिरवे आणि जमिनीपर्यंत दाट असते. बसण्यापूर्वी काठीने त्याखालचा पाचोळा झोडपून घ्यावा लागतो, कारण गारव्याला आलेले आपण एकटेच नसतो.

रात्रीसाठी धोऱ्याचा माथा रद्द केला. या दिवसांत वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, माथ्यावर वाळू रात्रभर सरपटत राहते आणि आंधी आली तर तंबू उभा राहत नाही. धोऱ्यांमधला अगदी खोलगट तळही नको, कारण गार हवा तिथे उतरून साचते. झुडपांच्या मुळाशी वाळूचे ढीग आणि उंदरांची बिळे असतात, आणि बिळांच्या मागे साप येतो. दोन धोऱ्यांमधली, खोलगटापेक्षा जराशी उंच, टणक आणि उघडी जमीन निवडली, आणि तिथपर्यंत पिकअपची वाट येते, हे पाहिले.

झोपायला जमिनीवर अंथरूण न घालता गाडीतून बाजा आणवल्या. तिकडे पीवणा नावाच्या सापाची मोठी दहशत आहे. झोपलेल्या माणसाचा श्वास तो पिऊन टाकतो, अशी समजूत आहे. ती त्या भागातील मण्यारीच्या जातीच्या सापाला चिकटली असून तिचे कारणही समजण्यासारखे आहे : मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंशाची जागा फारशी दुखत वा सुजत नाही आणि पहाटे माणसाचा श्वास बंद पडू लागतो. बाजेवर झोपणे आणि मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचणे हा त्यावरचा साधा आणि खात्रीचा उपाय आहे.

तिसऱ्या दिवशीची सकाळ

पहिले दोन दिवस वेळापत्रक जमले. तिसऱ्या दिवशी पायबंद घालून चरायला सोडलेला उंट रात्रीतून दूर निघून गेला होता. तो सापडून गाडा जुंपेपर्यंत सात वाजून वीस मिनिटे झाली. गाडा भरतानाच लक्षात आले की एका कॅनचे झाकण पुरते बसले नव्हते आणि वीस लिटर पाणी रात्रीतून वाळूत गेले होते. राखीव पाणी साठावरून चाळीस लिटरवर आले. मी तेव्हाच, पहाटेच, माणसांना गाड्याविना पुढे पाठवू शकलो असतो. पाणी मागे ठेवून माणसे पुढे जाऊ देणे मला पटले नाही, आणि आजही तो निर्णय बरोबर वाटतो. चुकले ते पुढे. उशीर झाल्यावर चाल त्याच प्रमाणात कमी करून मधल्या आसऱ्यालाच दुपार काढायची, असे तिथेच जाहीर करायला हवे होते. मी ते वाटेत पाहू म्हणून टाळले.

दहाच्या सुमारास गटातील चौपन्न वर्षांच्या एक शिक्षिका मागे पडू लागल्या. चढावर त्या दोनदा अडखळल्या, बोलणे तुटक झाले, डोके दुखते म्हणाल्या आणि थांबायला मात्र तयार नव्हत्या. मी बाटल्या पाहिल्या. सकाळपासून तीनपैकी निम्मी बाटली संपली होती. कारण विचारल्यावर त्यांनी संकोचाने सांगितले की उघड्या वाळवंटात आडोसा नसल्याने लघवीला जावे लागू नये, म्हणून त्या आदल्या दिवसापासूनच पाणी बेताने पीत होत्या. ही अडचण मला नियोजनातच दिसायला हवी होती. आडोशासाठी एक चादर आणि दर तासाला बायकांचा वेगळा थांबा, एवढ्याने ती सुटली असती, आणि दुपारनंतर सुटलीही.

तापमापकावर 33 अंश होते आणि ठरलेली सावली अडीच किलोमीटर, म्हणजे तासभर दूर होती. मधला आसरा, एक मोठी जाळ, चारशे मीटर मागे राहिली होती. गटातल्या दोघांचे म्हणणे होते की एवढे आलो आहोत तर पोहोचूनच बसू. परंतु त्या तासात हवा पस्तिशी ओलांडणार होती आणि आधीच तूट असलेल्या शरीरातून आणखी पाऊण लिटर जाणार होते. आम्ही मागे फिरलो.

बाईंना सावलीत आडवे करून पाय उंच केले, बूट काढले, ओला पंचा मानेवर आणि छातीवर ठेवून वारा घातला. कोरड्या हवेत हा उपाय विलक्षण लवकर काम करतो. दर पाच मिनिटांनी मी त्यांना वार, गावाचे नाव, सोबत्यांची नावे विचारत होतो. उत्तरे बरोबर येत होती. अंग भाजत असताना माणूस बरळू लागला, किंवा उत्तरे विसंगत येऊ लागली, तर तो उष्माघात असतो, आणि मग राखीव पाण्याचा विचार न करता कॅन अंगावर ओतत गाडी बोलवावी लागते. ती वेळ आली नाही. तासाभरात त्यांनी घोटाघोटाने लिटरभर जलसंजीवनी घेतली आणि डोके हलके झाले. तरीही मी निकष त्यांच्या बोलण्यावर ठेवला नाही : फिकट रंगाची लघवी होईपर्यंत चालायचे नाही. पहिली दीड वाजता झाली, ती गडद पिवळी होती. पाचच्या सुमारास रंग फिकट झाला.

दुपारी कॅन मोजले. साडेचार शिल्लक होते, म्हणजे नव्वद लिटर, आणि संध्याकाळी पिकअप येणार नाही असे धरले तरी सर्वांना तिथेच दुसऱ्या सकाळपर्यंत राहता आले असते. त्या संध्याकाळी सहाला निघून आम्ही फक्त अडीच किलोमीटर चाललो, बाई उंटगाड्यावर होत्या, आणि नकाशावर ठरवलेल्या जागेऐवजी कच्च्या वाटेच्या कडेला, दुपारच्या मूळ थांब्याजवळच तळ पडला. पिकअपला नवी जागा कळवण्यासाठी मोबाइलला संपर्क नव्हता. धाकटा उंटवाला वाट धरून समोरून गेला आणि गाडी तासाभरात घेऊन आला. चौथ्या सकाळी उरलेल्या अंतरातले चार किलोमीटर आम्ही गाडीने तोडले आणि साडेनऊला खुरीत पोहोचलो.

पुढच्या वर्षीच्या आराखड्यात तीन गोष्टी बदलल्या आहेत. निघायला जितके मिनिट उशीर होईल तितकी चाल कमी, आणि तासापेक्षा जास्त उशीर झाला तर मधल्या आसऱ्यालाच दुपार, हे आदल्या रात्रीच सर्वांना सांगितले जाते. कॅनची झाकणे रात्री झोपण्यापूर्वी एक जण, ते उलटे धरून, तपासतो. आणि बाटल्या दुपारी एकदा न पाहता दर तासाच्या थांब्याला पाहिल्या जातात.